दुसऱ्या नंबरचा हापूस कुठे मिळेल?

मार्च सरू लागला की महाराष्ट्रात आंबा झाडाआधी मोबाइलवर पिकतो. हापूस विकणाऱ्या कोणाचीही जाहिरात उघडा, फोटोखाली 'नंबर वन', 'सर्वोत्कृष्ट', 'अस्सल' आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' ही चौकडी हजर असते, फक्त बसण्याचा क्रम बदलतो. एवढ्या मोठ्या धंद्यात दुसरा नंबर अजून कोणाच्याच वाट्याला आलेला नाही, हे एक आश्चर्यच. शिवाय नंबर कशात पहिला, हे कोणी सांगत नाही. गोडीत? खपात? उधारी वसूल करण्यात? तो कोणत्या सालचा, कोणत्या गावातला आणि मोजला कोणी, हेही गुलदस्त्यात. गिऱ्हाईक मात्र न बघता, न चाखता, आधी पैसे भरून पेटी मागवतं. त्याला चार साध्या गोष्टी हव्या असतात: आंबा कुठला, उतरवला कधी, पिकवला कसा आणि फळ केवढं. विक्रेत्याला या चारही गोष्टी ठाऊक असतात, पण कॅप्शनमधली सगळी जागा 'सर्वोत्कृष्ट'नेच अडवलेली असते.

'अहो, जाहिरातीत थोडी अतिशयोक्ती चालायचीच, लोक कुठे खरं मानतात,' असं यावर हमखास उत्तर येतं. ते निम्मं बरोबर आहे. जाहिरातींवर स्वतःहून नजर ठेवणाऱ्या आस्की या संस्थेची आचारसंहितासुद्धा उघडउघड गमतीची अतिशयोक्ती चालवून घेते. 'आमचा आंबा खाऊन जावई सासरीच मुक्काम ठोकतो' असं खुशाल लिहा, पुरावा म्हणून जावई हजर करायला कोणी सांगणार नाही. 'महाराष्ट्रात नंबर वन' ही मात्र गंमत नव्हे. त्यात तुलना आहे आणि तुलनेमागे आकडा असावा लागतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अशा जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात कोपऱ्यावरच्या आंबेवाल्याकडे दंडाची पावती घेऊन कोणी निघालेलं नाही. पण 'लोक कुठे खरं मानतात' हा युक्तिवादही टिकत नाही: लोक खरं मानत नसतील तर ते शब्द फुकट गेले, आणि मानत असतील तर ते सिद्ध करायला हवेत.

आता एक नमुनेदार कॅप्शन घेऊ: 'जगातला सर्वोत्कृष्ट, नंबर वन देवगड हापूस! शंभर टक्के नैसर्गिक, साकामुक्त!' यातले 'जगातला' आणि 'सर्वोत्कृष्ट' विनाचौकशी जाऊ द्यावेत, त्यांच्या जाण्याने कोणाचंच नुकसान नाही. खरी मालमत्ता 'देवगड' या शब्दात आहे, कारण तो तपासता येतो. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. त्या मानांकनाखाली नोंद केलेल्या बागायतदाराकडे नोंदणी क्रमांक असतो. देवगडच्या उत्पादकांच्या संस्थेने तर २०२५च्या हंगामात फळागणिक वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर आणलं. म्हणजे 'अस्सल' असं मोठ्या टायपात छापण्याऐवजी गाव, बाग आणि क्रमांक लिहिला की काम झालं. खोटं असेल तर पकडता येईल असा हा दावा आहे. 'अस्सल' कधीच पकडला जात नाही, आणि नेमकं तेच त्याच्या लोकप्रियतेचं कारण.

'शंभर टक्के नैसर्गिक'चं काय करायचं? कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. इथिलीन वायूने ठरवून दिलेल्या मर्यादेत पिकवायला परवानगी आहे. तेव्हा 'कार्बाइडने पिकवलेला नाही' म्हणणं म्हणजे 'आम्ही कायदा मोडत नाही' असं अभिमानाने सांगणं. ते सांगायला हरकत नाही, पण छाती किती फुगवायची याचा अंदाज घ्यावा. त्यापेक्षा 'पेंढ्याच्या अढीत पिकवलेला' किंवा 'इथिलीन कक्षात पिकवलेला' असं जे केलं असेल ते लिहावं. इथिलीनची लाज वाटण्याचं कारण नाही. 'शंभर टक्के' या शब्दांवर तर अन्न सुरक्षा प्राधिकरणच नाराज आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ते वापरू नका, असं त्याने २०२५ साली उद्योजकांना कळवलं आहे. आंब्याची पेटी वेष्टन की नाही, हा वाद वकिलांसाठी राखून ठेवू.

'साकामुक्त' हा सगळ्यांत धाडसी शब्द. साका म्हणजे फळाच्या आतला पांढरट, स्पंजासारखा, आंबूस भाग. तो बाहेरून दिसत नाही, हीच त्याची ख्याती. फळ झाडावरच पूर्ण पिकेपर्यंत राहिलं किंवा उतरवल्यावर तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं, तर साक्याची शक्यता वाढते. म्हणून जाणता बागायतदार चौदा आणे तयार फळ झेल्याने देठासकट उतरवतो आणि लगेच सावलीत नेतो. इतकं करूनही एखाद्या फळात साका निघतोच. म्हणजे फळ 'साकामुक्त' आहे की नाही, हे विक्रेत्यालाच माहीत नसतं. फळ कापेपर्यंत ते कोणालाच माहीत नसतं. 'साका निघाल्यास कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, दुसरं फळ देऊ' हे मात्र त्याच्या हातात आहे. जे ठाऊक आहे त्याचा दावा करावा, जे ठाऊक असूच शकत नाही त्याची भरपाई कबूल करावी. हा फरक पाळला की कॅप्शनचा अर्धा ताप उतरतो.

राहिलं आकारमान. पेटी साधारण तीच असते. फळ मोठं असेल तर तिच्यात चार डझन बसतात, लहान असेल तर सात-आठही मावतात. 'जम्बो' आणि 'स्पेशल' हे शब्द नेमके या जागी उगवतात. 'पाच डझनी पेटी, एक फळ २३० ते २६० ग्रॅम' असं लिहायला फक्त वजनकाटा लागतो. सगळं जोडलं की नवी कॅप्शन अशी होते: 'देवगड तालुका, अमुक गाव, नोंदणी क्रमांक तमुक. १२ एप्रिलला उतरवला, अढीत पिकवला. पाच डझन, फळ २३० ते २६० ग्रॅम. साका निघाल्यास बदली.' पुरावे म्हणून नोंदणीचा कागद, उतरवणीची वही, दोन-चार फळांचं वजन, आणि बदलून दिलेल्या फळांचा हिशेब. मोठ्या कंपन्यांसारखी सर्वेक्षणं करणं आम्हाला कुठे परवडतं, असं म्हणणाऱ्यांनी ही यादी पाहावी. यातलं काहीही शाळकरी वहीच्या पलीकडे जात नाही. 'नंबर वन' सिद्ध करायचं तर मात्र सगळ्या बाजाराची मोजणी लागेल, म्हणजे खर्चिक शब्द तोच निघाला.

एक हरकत मात्र वजनदार आहे. शेजारचा 'नंबर वन' लिहितो आणि आपण ग्रॅम लिहिले, तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. पहिल्या पेटीला जाईलही. घाईत स्क्रीन सरकवणाऱ्याला मोठं अक्षर आधी दिसतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आंब्याचा धंदा दुसऱ्या पेटीवर आणि पुढच्या हंगामावर चालतो, आणि तेव्हा गिऱ्हाइकाला मोठं अक्षर आठवत नाही, बदलून मिळालेलं फळ आठवतं. शिवाय ज्या गल्लीत सगळेच पहिले आहेत तिथे तारीख आणि वजन लिहिणारा एकटाच उठून दिसतो. हा फायदा सगळे सुधारेपर्यंतच टिकेल; पण सगळे सुधारतील ही भीती सध्या बाळगायला नको.

तरीही काही विक्रेत्यांना हा बदल जड जाईल, हे मान्य. ज्यांच्या पेटीत वरचा थर देवगडचा आणि खालचे कर्नाटकातून आलेल्या फळांचे, त्यांनी लिहावं तरी काय? त्यांच्यासाठीही शंभर नंबरी खरी, कोणत्याही मंचासमोर सिद्ध होईल अशी कॅप्शन तयार आहे: 'पहिला थर देवगड हापूस.' त्यात 'पहिला' हा शब्दही आयताच येतो.