बत्तीसचा पाढा

निगडी प्राधिकरणात निवृत्त झालेला माणूस दोनपैकी एक करतो. सकाळी दुर्गा टेकडीवर फिरायला जातो, नाहीतर टूलरूम घरी आणतो. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात.

माझी मागणी साधी होती. पुस्तकांचं एक कपाट हवं आणि त्यातल्या फळ्या वरखाली करता यायला हव्यात. दिवाळी अंकांची उंची एक, विश्वकोशाची दुसरी आणि मागे लपवायच्या लोणच्याच्या बरणीची तिसरी. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, पट्ट्या ठोकून फळ्या फिक्स करून देतो, अर्ध्या तासाचं काम." त्याच वेळी हे व्हर्नियर घेऊन बाहेर आले आणि अर्ध्या तासाचं काम संपलं.

फळी ज्यावर टेकते त्या छोट्या पिना ह्यांनी आधी आणायला लावल्या आणि मोजल्या. पाच मिलिमीटर. मग प्लायच्या तुकड्यात पाचच्या बिटाने भोक पाडून पीन बसवून पाहिली. बोटाने आत जाते, पण उलटं धरलं तर पडत नाही, इतकी घट्ट. पीन हातात नसताना भोक पाडणं ह्यांच्या मते गुन्हा आहे, आणि या एका बाबतीत माझाही तसाच ग्रह झाला आहे.

दोन भोकांमधलं अंतर ठरलं बत्तीस मिलिमीटर. "तीस का नाही? हिशेब सोपा," मी विचारलं. त्यावर मला जर्मनीत नेण्यात आलं. महायुद्धानंतर तिकडे फर्निचर कारखान्यात बनू लागलं, एका दमात भोकांची अख्खी रांग पाडणारी यंत्रं आली, आणि शेजारशेजारच्या स्पिंडलांचे गियर बत्तीसपेक्षा जवळ बसेनात. तेच अंतर रूढ झालं. कडेपासून रांग सदतीस मिलिमीटर आत, कारण दाराच्या बिजागरीची प्लेटही त्याच रेषेवर बसते. कपाटाला दार लावायचं नव्हतंच, पण "उद्या तुझा विचार बदलला तर?" हे म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे त्यांना.

बाजूचा प्लाय अठरा मिलिमीटर जाड, रुंदी तीनशे. आठ फुटी शीट मधोमध कापल्यावर करवतीने आपला वाटा घेतला आणि दोन बाजू प्रत्येकी बाराशे अठरा उंचीच्या निघाल्या. हा आकडा लक्षात ठेवा. आम्हाला ठेवावा लागला.

भोकं पाडायच्या जिगसाठी ह्यांनी दहा मिलिमीटर जाडीची हायलमची पट्टी मिळवली. प्लायची पट्टीही चालते, पण तिच्यातली भोकं ड्रिल फिरून फिरून लंबगोल होतात. पट्टीची रुंदी बरोबर चौऱ्याहत्तर आणि भोकं मधल्या रेषेवर. म्हणजे तिची कुठलीही कड प्लायच्या कडेला लावली तरी सदतीस आपोआप येतं, पुन्हा मोजायला नको. एका टोकाला आडवा ठोकळा स्क्रूने बसवला. तो प्लायच्या खालच्या कडेला अडकला की पट्टी उंचीतही पक्की.

मग सुरू झाला पाढा. पहिलं भोक ठोकळ्यापासून दोनशेवर, मग दोनशे बत्तीस, दोनशे चौसष्ट, असं करत सव्विसावं हजारावर. प्रत्येक खूण त्या एकाच टोकापासून मोजायची. आधीच्या खुणेवरून पुढची मोजली तर केसाएवढी चूक पंचवीस वेळा गोळा होते. सेंटर पंच मारून ही पट्टी तळवड्याच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेली, कारण जिगमधलं भोक सरळ उभं हवं आणि त्याला हँड ड्रिल नको, पिलर ड्रिल हवं.

पट्टी परत आली. व्हर्नियर लागलं. सातवं भोक जवळजवळ एक मिलिमीटर वर सरकलं होतं.

घरात सुतक पडलं. हे जेवले नाहीत असं म्हणणार नाही, पण वरण दुसऱ्यांदा घेतलं नाही. पट्टी रिजेक्ट करायचं ठरत होतं, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "साहेब, फळी मिलिमीटर मोजते काय? चारी रांगांत सातवं भोक तेच येणार ना? मग चारही पिना एकाच उंचीवर."

ह्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. टूलरूममध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. जिग बरोबर असली तर उत्तमच, पण फळीला सगळीकडे सारखी असली की पुरते. तरी चूक माहीत असताना ती पास करायची, हे ह्यांच्या हाताला जमेना.

शेवटी त्याच पट्टीने काम सुरू झालं. बिटावर भोक पाडलेला लाकडी ठोकळा चढवला होता आणि त्याच्याखाली बीट फक्त वीस मिलिमीटर उरत होतं. दहा जिगमध्ये, दहा प्लायमध्ये. टेपचा तुकडा गुंडाळला तर भुश्शाने वर सरकतो, आणि एक दिवस बीट पलीकडच्या सनमायक्यातून आपल्याकडे बघतं. मधूनमधून पट्टी उचलून भुस्सा झटकायचा. तो खाली अडकला तर पट्टी अधांतरी राहते आणि भोक उथळ पडतं.

पहिली बाजू झाली. दुसऱ्या बाजूची पहिली रांग मिस्त्रींच्या मदतनीस पोराने पाडली, उत्साहात. आमच्याकडचा रिवाज असा की रांग झाली की दोन्ही बाजू जमिनीवर शेजारी शेजारी, खालच्या कडा भिंतीला टेकवून ठेवायच्या आणि भोकांवर आडवा गुनिया लावायचा. गुनिया लावला. एकही भोक समोर येईना. सगळी रांग अठरा मिलिमीटरने वर.

पोराने ठोकळा वरच्या कडेला अडकवला होता. बाराशे अठरातून हजार गेले, दोनशेच्या जागी दोनशे अठरा. या कपाटात फळी बसवली असती तर विश्वकोश घसरत घसरत एका बाजूला गोळा झाला असता. ह्यांनी डोक्याला हात लावला. सव्वीस भोकांत लाकडी खुंट्या चिकटवायच्या, घासायच्या, वर रंग जुळवायचा, असा हिशेब सुरू झाला.

मिस्त्रींनी काही हिशेब केला नाही. त्यांनी ती बाजू उचलली, जमिनीवरच अर्धी फिरवली आणि वरचं टोक भिंतीला लावलं. पुढची रांग मागे गेली. दोन्ही कडांपासून अंतर सदतीसच, त्यामुळे कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. गुनिया लावला, भोकाला भोक भिडलं, सातव्याला सातवंसुद्धा. मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून त्या टोकावर 'खाली' लिहिलं आणि चहा मागितला. कडेला पट्टी चिकटवलेली असती किंवा मागच्या प्लायची खाच मारलेली असती तर ही युक्ती चालली नसती, हे ह्यांनी तातडीने नमूद केलं. मिस्त्रींनी मान डोलावली आणि साखर जास्त सांगितली.

संध्याकाळी ह्यांनी जिगच्या ठोकळ्यावर लाल ऑइलपेंटने 'खाली' असं लिहिलं, इतकं मोठं की ते भक्ती-शक्तीच्या चौकातून दिसावं.

एकंदर एकशे चार भोकं झाली. फळ्या चार, म्हणजे पिना सोळा. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी भोकांचं काय, असं मी विचारल्यावर "ऑप्शन" असं उत्तर मिळालं. कपाट उभं केल्यावर हे प्रत्येक फळीचा एकेक कोपरा दाबून बघत होते. पीन वरखाली असेल तर फळी तीन पिनांवर टेकते आणि चौथ्या कोपऱ्यात टकटक वाजते. कुठूनच आवाज आला नाही, तेव्हा जरा हिरमुसले.

आता वरच्या मजल्यावरच्या जोशी काकूंना तसंच कपाट करायचंय. जिग मागायला त्या परवा आल्या. ह्यांनी वही काढली. कारखान्यात टूल न्यायचं तर पितळी टोकन ठेवावं लागतं, तसं काहीतरी ठेवा म्हणाले. काकूंनी हसत हसत आपला इडलीचा कुकर आणून ठेवला. जिग अजून आलेली नाही, आणि आमच्याकडे तीन दिवस इडली चालू आहे.