शटर अर्धं खाली असताना आलेली यादी कशी वाचावी

किराणा दुकानदाराच्या शिक्षणात तराजू येतो, उधारीची वही येते, सुट्ट्या पैशांची भांडणं येतात. रात्री सव्वानऊला मोबाईलवर येणारी यादी वाचायला मात्र कोणी शिकवत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे. ते नाशिकच्या पंचवटीतल्या एका दुकानदार काकांच्या उदाहरणावर बेतलं आहे. तारीख १३ जानेवारी २०२६, वार मंगळवार, सण भोगी. गल्ला मोजून झालेला, शटर अर्धं खाली, पोऱ्या झाडू मारतोय, आणि मोबाईल वाजतो.

kaka bhagat 5
sabu 3 pav nko
dane 3 bhajka nko
tik adha gul adha
tip 1 rel 1
udya dibdi trmbk 6 la
ok

शेवटचा ok गिऱ्हाइकाने स्वतःलाच दिलेला असतो. आपण होकार दिला असा त्याचा अर्थ काढू नये.

नवशिके लगेच फोन लावतात. काकांनीही लावला. बंद. "वहिनी, भगत म्हणजे काय?" असा मेसेज टाकला, त्याला एकच करडी खूण आली, म्हणजे तो पोचलेलाच नाही. यादी पाठवून बॅटरीने राम म्हटला असावा. अशा वेळी चिडू नये. चिडल्याने अक्षर लागत नाही आणि पोऱ्या घरी पळतो.

पहिली गोष्ट, यादी वरून वाचायची नाही. माणूस मालाची नावं घाईत कशीही लिहितो, पण कशासाठी हवंय ते बहुतेकदा शेवटी, जरा माणसासारखं लिहितो. म्हणून काका आधी सहाव्या ओळीवर गेले. trmbk म्हणजे त्र्यंबक, यात नाशिककराला शंका नाही. dibdi मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. इथे मोबाईलचा कीबोर्ड उघडून समोर धरावा. b आणि n शेजारी शेजारी आहेत. अंगठा एक घर चुकला की दिंडीची डिबडी होते. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघावं. उद्या पौष वद्य एकादशी, म्हणजे त्र्यंबकेश्वरला संत निवृत्तिनाथांची यात्रा. वहिनींच्या माहेरची दिंडी दरवर्षी तिथे येते, हे उधारीच्या वहीत नसलं तरी काकांच्या डोक्यात होतं. वहिनी दिंडीला फराळ घेऊन निघाल्यात.

एवढं कळलं की निम्मी यादी आपोआप सरळ होते. t आणि r शेजारी, तेव्हा bhagat म्हणजे भगर आणि rel म्हणजे तेल. u आणि i शेजारी, तेव्हा tip म्हणजे तूप. k आणि l शेजारी, तेव्हा tik म्हणजे तीळ. bhagat ला अंगठ्याइतकाच मोबाईलही जबाबदार असू शकतो. भगर त्याला ठाऊक नसते, भगत आडनावाचे लोक ठाऊक असतात.

पण शेजारधर्मावर सगळं सोपवू नये. प्रत्येक शब्द आकड्याशी ताडून बघावा. एरवी चौघांच्या घरात ५ किलो भगर गेली तर ते घर उपासाने नाही, भगरीने आजारी पडेल. दिंडीसाठी मात्र हिशेब बसतो. माणशी ८० ग्रॅमच्या आसपास धरली तर साठेक पानं होतात, आणि सोबत साबुदाण्याची खिचडी आहेच.

साबुदाणा हीच या यादीतली खरी परीक्षा. sabu 3 pav nko. पोऱ्याने ते "तीन पाव साबुदाणा, नको" असं वाचलं आणि पाऊण किलो बांधायचं की नाही यावर तो अडला. अनुभवी दुकानदार इथे दाण्यांकडे जातो. दाणे ३ किलो मागितलेत. खिचडीत साबुदाण्याच्या साधारण निम्मा कूट पडतो, आणि भगरीबरोबर दाण्याची आमटी लागते. पाऊण किलो साबुदाण्याला एवढे दाणे लागत नाहीत, ३ किलोला मात्र दोन्ही पदार्थ धरून बरोबर बसतात. मग pav चं काय करायचं? वही उघडली. या घरी रोज सकाळी एक लादी पाव जाते. उद्या एकादशी, म्हणून लादी नको. स्वल्पविराम दिला असता तर पोऱ्याची पाच मिनिटं वाचली असती, पण स्वल्पविराम द्यायला कीबोर्डावर वेगळं बोट लागतं.

bhajka nko म्हणजे भाजके नकोत, कच्चे द्या. कूट करणारी बाई दाणे स्वतःच भाजते, दुसऱ्याने भाजलेल्या दाण्यांवर तिचा विश्वास नसतो.

तीळ-गुळाने काका थोडे घोटाळले. साठ माणसांना अर्धा किलो तीळ कोणत्या हिशेबाने? इथे पुन्हा कॅलेंडर. यंदा एकादशी आणि संक्रांत एकाच दिवशी, १४ जानेवारीला. तीळगूळ दिंडीचा नव्हे, घरचा. म्हणून तो वेगळ्या पिशवीत बांधावा, नाहीतर घरच्या वड्या त्र्यंबकला जातात आणि घरी "गोड गोड बोला" हे नुसत्या तोंडाने म्हणावं लागतं.

तेल कुठलं ते लिहिलेलं नाही. उपासाला बहुतेक घरांत शेंगदाण्याचं चालतं, सोयाबीनचं नाही. म्हणून शेंगदाण्याची एक लिटरची पिशवी. जिथे खात्री नाही तिथे बंद पाकीट द्यावं, कारण ते परत घेता येतं. सुटा माल एकदा बांधला की त्यावरून वाद होतो.

भगरीच्या बाबतीत मात्र खात्री असली तरी बंद पाकीटच द्यावं, आणि पॅकिंगची तारीख उजेडात वाचावी. दमट जागी पडून राहिलेल्या भगरीला बुरशी लागते, तिचं दळून ठेवलेलं पीठ तर लवकर बिघडतं. उपासाच्या दिवसांत भगर खाऊन उलट्या-चक्कर झाल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतात. काकांनी अर्ध्या किलोची दहा पाकिटं काढली, त्यातली दोन जुन्या तारखेची निघाली, ती बाजूला ठेवून नवीन घेतली. या कामात चष्मा लागतो. तो गल्ल्यात असतो, आणि गल्ला नुकताच बंद केलेला असतो.

उरलं 6 la. सहा जणांना की सहा वाजता? सहा जणांना ५ किलो भगर कोणी नेत नाही, तेव्हा सहा वाजता. काका सातला दुकान उघडतात, म्हणजे माल आजच रात्री पोचवायचा. इथे पोऱ्याची समजूत काढावी लागते. ती काढायला चिक्कीची एक पट्टी पुरते, दोन देऊ नयेत, सवय लागते.

पावणेदहाला पोऱ्या सायकलवर गोण्या लादून गेला. काकांनी देवाला हात जोडले, दिवा मालवला, शटर ओढलं, दोन्ही कुलपं लावली. तेवढ्यात मोबाईल वाजला. वहिनींचा मोबाईल चार्ज झाला होता:

kaka sebdhav 2 pudr pan

किल्ली अजून काकांच्या हातातच होती. या ओळीचा अर्थ वाचकांनी स्वतः लावावा, आणि काकांना कुठलं कुलूप आधी उघडावं लागलं तेही सांगावं.