दगडफुलाची व्यावसायिक फी

माझी पुतणी सह्याद्रीतल्या दगडफुलांवर पीएच.डी. करते. दगडफूल म्हणजे गोड्या मसाल्यात पडतं तेच. फरक इतकाच की आपल्याकडे त्याची पुडी असते आणि तिच्याकडे जाती-प्रजाती. या कामासाठी तिला महिना ३७,००० रुपयांची अधिछात्रवृत्ती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकांना हाच दर लावला, आणि तिला पैसे देणाऱ्या संस्थेनेही तोच उचलला. २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे झाले ४,४४,००० रुपये. बँकेत मात्र ३,९९,६०० आले. मधले ४४,४०० सरकारच्या तिजोरीत सुखरूप असल्याचं तिला 26AS उघडल्यावर कळलं.

26AS म्हणजे तुमच्या पॅनवर वर्षभरात कोणी किती कर कापून भरला, याचा उतारा. त्यात कापणाऱ्याचं नाव, त्याचा टॅन, तारीख, रक्कम, कापलेला कर, आणि शेजारी एका रकान्यात कलमाचा कोड असतो. रक्कम सगळे बघतात, कोडकडे कोणी बघत नाही. पुतणीच्या नावापुढे बाराही महिने 194J होता. हे कलम व्यावसायिक आणि तांत्रिक सेवांच्या फीचं. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सनदी लेखापाल यांच्या पंगतीत आमची मुलगी जाऊन बसली होती. दोन वर्षं पाचशे रुपयांच्या बुटांवर सह्याद्री चढणाऱ्या मुलीची ही प्रॅक्टिस इतकी जोरात चाललीय, याची घरात कोणालाच कल्पना नव्हती.

ती संस्थेच्या लेखा विभागात गेली. तिथले भाऊसाहेब सज्जन होते. त्यांनी तिला बसवलं, चहा मागवला आणि शांतपणे सांगितलं, "मॅडम, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शिष्यवृत्ती हा पर्यायच नाही."

"मग कर कापायचाच नाही ना, भाऊसाहेब. शिष्यवृत्ती करमुक्त असते."

"नाही कापला तर ऑडिटवाले विचारतात, का नाही कापला. कापला तर आजवर कोणी विचारलं नाही."

यात भाऊसाहेबांचा स्वभावदोष शोधू नये. दोष व्यवस्थेच्या उताराचा आहे. कर कापायचा राहिला तर कापणारा कसूरदार ठरतो, त्याच्यामागे व्याज लागतं, आणि साहेब केबिनमध्ये बोलावतात. नाहक कापला तर यातलं काहीच होत नाही. ज्याचा कापला त्याने रिटर्न भरून मागून घ्यावा, असा सरळ हिशेब आहे. दुसऱ्याच्या खिशावर उतरणारी सावधगिरी अशी फार लवकर अंगवळणी पडते.

पण 26AS मध्ये रक्कम दिसली म्हणजे ती करपात्र झाली, ही समजूत मात्र घरोघरी आहे. तो उतारा काही निकाल देत नाही. कापणाऱ्याने दर तिमाहीला जे विवरण भरलं, त्याची ती पडछाया आहे. भाऊसाहेबांनी यादीतून जे निवडलं ते तिथे उमटलं. उत्पन्न करपात्र की करमुक्त हे कायदा ठरवतो, आणि कायद्याच्या बाबतीत पुतणीची बाजू भक्कम होती. प्राप्तिकर कायद्याचं कलम १०(१६) एका ओळीचं आहे: शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती एकूण उत्पन्नात धरायची नाही. रकमेला कमाल मर्यादा नाही. देणारं सरकारच हवं असंही नाही. खासगी न्यासानेही दिलेली चालते. शिक्षणाचा खर्च म्हणजे नुसती फी नव्हे, त्यापायी होणारा राहण्या-जेवण्याचा, पुस्तकांचा, प्रवासाचा आनुषंगिक खर्चही त्यात धरतात.

या कलमाचा शेजारही बघण्यासारखा आहे. १०(१६) मध्ये विद्यार्थी राहतो, तर पलीकडे १०(१७) मध्ये खासदार-आमदारांचा दैनिक भत्ता. नव्या करप्रणालीत लोकप्रतिनिधींची ती माफी गेली, विद्यार्थ्याची राहिली. विद्यार्थ्याचं दार लोकप्रतिनिधींपेक्षा अधिक काळ उघडं राहिल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे जुने क्रमांक गेले, पण पुतणीचा हा हिशेब जुन्या कायद्यातला आहे.

आता प्रत्येक गल्लीत एक रिटर्नवाला असतो, तसा आमच्याही होता. त्याने 194J पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. "सोपं आहे. 44ADA मध्ये टाकू. व्यावसायिकाला निम्मी रक्कम नफा दाखवता येते. दोन लाख बावीस हजार. तीन लाखांपर्यंत कर शून्य. ४४,४०० अख्खे परत." आकडे बिनचूक होते. म्हणूनच सल्ला धोकादायक होता. त्यासाठी पुतणीला सही करून सांगावं लागलं असतं की मी व्यवसाय करते आणि दगडफुलांतून मला पन्नास टक्के नफा सुटतो. त्या वर्षी कर शून्यच होता, म्हणून खोटं फुकट पडलं असतं. पुढच्या वर्षी जानेवारीत तिला कुठे नोकरी लागली असती, तर पगारावर ही शिष्यवृत्तीही चढली असती. आणि गेल्या वर्षी तुम्हीच तर उत्पन्न म्हणाला होतात, यावर उत्तर काय देणार?

मग खरं तेच भरायचं ठरलं. आधी तिने संस्थेला पत्र दिलं: दिलेली रक्कम शिष्यवृत्ती आहे, तिमाही विवरण दुरुस्त करावं. 26AS मधली नोंद बदलण्याचा अधिकार फक्त कापणाऱ्याला असतो, आपण पोर्टलवर कितीही डोकं आपटलं तरी ती हलत नाही. भाऊसाहेबांनी पत्राची पोच दिली. दुरुस्ती दिली नाही. पण पोचही कामाची असते. आपण मुदतीत सांगितलं होतं, हे त्यातून दिसतं.

पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण असतं, सगळे त्याला एआयएस म्हणतात. तिथल्या प्रत्येक नोंदीवर आपलं म्हणणं मांडता येतं. रागाच्या भरात पुतणी "Information is denied" वर बोट ठेवणार होती. ते केलं असतं तर अर्थ झाला असता की हे पैसे मला मिळालेच नाहीत, आणि मग त्यावर कापलेला कर कोणत्या तोंडाने परत मागायचा? तिच्यासाठीचा पर्याय शेजारीच होता: "Income is not taxable". पैसे मिळाले, पण कर लागत नाही. खात्याच्या भाषेत इतकं शुद्ध वाक्य क्वचित सापडतं.

रिटर्न तिने आयटीआर-2 मध्ये भरलं. त्यातल्या Schedule EI या करमुक्त उत्पन्नाच्या परिशिष्टात कलम १०(१६) निवडून ४,४४,००० लिहिले. बरेच जण इथे चुकतात. करमुक्त आहे ना, मग दाखवायचं कशाला, म्हणून रकाना कोरा सोडतात. मग एका बाजूला कापलेला कर दिसतो आणि त्याच्या जोडीचं उत्पन्न रिटर्नमध्ये कुठेच नसतं. संगणकाला असं अनाथ पोर चालत नाही, तो परतावा अडवतो. कर कापल्याच्या परिशिष्टातही ही रक्कम कुठल्या उत्पन्नाची, असं विचारतात. तिथे तिने करमुक्त उत्पन्न हाच पर्याय घेतला. रिटर्नला कागद जोडायचे नसतात, म्हणून ते फेकायचेही नसतात. तिने मंजुरीपत्र, पीएच.डी. नोंदणीचा दाखला आणि ती पोच एका फायलीत लावली.

सगळ्यात वजन मंजुरीपत्राला. पैसे संशोधन-अभ्यासासाठी आहेत, बदल्यात संस्थेची नोकरी करायची नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. हे वाक्य नसतं तर मामला इतका सरळ नव्हता. निवासी डॉक्टरला मिळणाऱ्या पैशालाही विद्यावेतन म्हणतात, पण तो रात्र-रात्र वॉर्डात राबतो, म्हणून ते वेतनच आहे असं खातं म्हणतं आणि त्यावर वाद झडतात. पुतणी उद्या तासिका तत्त्वावर शिकवू लागली, तर ते मानधन करपात्रच. शिष्यवृत्ती साठवून मुदत ठेव केली, तर तिचं व्याजही.

बक्षिसांचं गणित याहून कंजूष आहे. कलम १०(१७अ) ची माफी लोकहितासाठी सरकारने ठेवलेल्या किंवा केंद्राने मान्यता दिलेल्या पुरस्कारांना, आणि केंद्राने मान्य केलेल्या कारणांसाठी सरकारने दिलेल्या इनामांना मिळते. ऑलिंपिक पदकविजेत्याला राज्य सरकार जे देतं, ते या कलमात बसतं. त्याच विजेत्याला एखाद्या कंपनीने आनंदाच्या भरात मोटार दिली, तर ती बसत नाही. आमच्या शेजाऱ्यांना एका मंडळाच्या राज्यस्तरीय कथास्पर्धेत २५,००० रुपये मिळाले. मंडळाच्या खजिनदाराने लॉटरीचा कोड 194B लावून तीस टक्के, म्हणजे ७,५०० रुपये कापले. शेजारी म्हणाले, मंडळ सार्वजनिक आहे, वर राज्यस्तरीय आहे, म्हणजे माफीच की! मी त्यांना सांगितलं, गणपतीची वर्गणी गोळा करणारं प्रत्येक मंडळ सार्वजनिकच असतं, केंद्राची मान्यता कुठे आहे? त्यांचं बक्षीस करपात्र होतं. कोडवर भांडायला जागा होती, आणि तो कोड बदलून घेणं त्यांच्या फायद्याचंही होतं. कारण लॉटरीच्या उत्पन्नाला किमान करमुक्त मर्यादाही लागू होत नाही, तीस टक्के गेले ते गेले. पण कथाकाराला लॉटरी लागली हे ऐकून ते इतके सुखावले होते की भांडायला तयार होईनात.

पुतणीचं रिटर्न ऑगस्टमध्ये गेलं आणि सप्टेंबरात बंगळुरूहून कलम १४३(१) ची सूचना आली. शिष्यवृत्ती मान्य, ४४,४०० मंजूर. शिवाय एप्रिलपासूनच्या सहा महिन्यांचं, दरमहा अर्धा टक्का दराने १,३३२ रुपये व्याज. हे पैसे आपण सरकारला उसने दिले होते, हे पुतणीला तेव्हा कळलं. तिने फोन केला, "काका, या व्याजाचं काय?"

हे व्याज मात्र पूर्णपणे करपात्र. पुढच्या वर्षीच्या एआयएसमध्ये ते येईल, आणि तिथे तिने निमूटपणे "Information is correct" वर टिचकी मारायची आहे.