नुसतं ‘गॅझेटियर’ म्हणजे कोणतं?

‘१४) बुलडाणा गॅझेटियर, पा. २१२.’

माझी तक्रार या ओळीबद्दल आहे. संपादकाचं नाव नाही, वर्ष नाही, आवृत्ती नाही, प्रकाशक नाही. या एका ओळीपायी माझे दोन दिवस गेले, आणि त्या यादीत अशा त्रेसष्ट ओळी होत्या.

यादी लोणार सरोवरावरच्या लेखनाची. आमच्याकडच्या एका निवृत्त सरांनी ती अनेक वर्षं जमवली, स्वतः वर्डमध्ये टाइप केली. सरोवरावर प्रकल्प करणाऱ्या मुलांना ती झोटेरोत हवी होती, म्हणजे प्रबंध लिहिताना संदर्भ आपोआप लागतील. ग्रंथालयात काम केलेली म्हणून यादी माझ्याकडे आली. सर म्हणाले, “ताई, सगळं टाइप केलेलंच आहे, नुसतं आत टाकायचं.” हे ‘नुसतं’ मला फार लागलं. टाइप केलेली ओळ डोळ्यांनी वाचायला असते. झोटेरोला लेखक वेगळा, वर्ष वेगळं, शीर्षक वेगळं, नियतकालिक, खंड, पानं, सगळं आपापल्या खणात लागतं. ओळीतलं कुठलं अक्षर कुठल्या खणात जायचं हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं, आणि ओळीत जे नाहीच ते कुणीतरी ‘नाही’ म्हणून नोंदवावं लागतं. हे दुसरं काम करायला कुणी तयार नसतं.

पहिला त्रास फाँटचा. मराठी नोंदी कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या. माझ्या संगणकावर फाइल उघडली तर ‘लोणार’च्या जागी `yks.kkj` दिसतं. फाँट टाकला की वाचता येतं, पण झोटेरोत तेच इंग्रजी अक्षरांचं कडबोळं जातं, कारण आत अक्षरं इंग्रजीच असतात. म्हणून आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं. सगळी फाइल एकदम बदलली की इंग्रजी शीर्षकांचीही मोडतोड होते आणि त्यातून कुठल्याच भाषेत नसलेले शब्द तयार होतात. तेव्हा इंग्रजी ओळी आधी बाजूला काढायच्या, मराठी तेवढ्या बदलायच्या, आणि मग रफार नि जोडाक्षरं एकेक करून तपासायची. यात एक अख्खी संध्याकाळ गेली.

मग एक्सेल उघडलं. पहिल्या रकान्यात मूळ ओळ, जशीच्या तशी, चुकांसकट. त्या रकान्याला पुन्हा हात लावायचा नाही. पुढे प्रकार, लेखक, वर्ष, शीर्षक, नियतकालिक, खंड, अंक, पहिलं पान, शेवटचं पान, डीओआय. शेवटचे दोन रकाने माझे: ‘काय नाही’ आणि ‘कुठे पाहून भरलं’. लोकांना या दोन रकान्यांचा कंटाळा येतो. मला मात्र यांच्याशिवाय बाकीच्या रकान्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

एक ओळ पूर्ण सांगते. यादीत होतं: `Fredrickson K. Dube & others, Lonar lake an impact crater in basalt, Science Vol 180 P. 862`. बरी ओळ आहे. तरी वर्ष नाही, अंक नाही, शेवटचं पान नाही, आणि `others` म्हणजे किती जण तेही नाही. पहिल्या लेखकाचं स्पेलिंगही चुकलेलं आहे, त्यामुळे नावाने शोधायला गेलं की अडतं. अशा वेळी शीर्षकातले शब्द टाकून क्रॉसरेफवर शोधावं, कारण शीर्षक माणसं बहुधा बरोबर उतरवतात. सापडलं की लगेच हुरळून जायचं नाही. ओळीतल्या खंड आणि पानाशी ताडून बघायचं. १८० आणि ८६२ दोन्ही जुळले, म्हणजे हाच तो लेख. मग नोंद अशी झाली:

```
TY  - JOUR
AU  - Fredriksson, K.
AU  - Dube, A.
AU  - Milton, D. J.
AU  - Balasundaram, M. S.
PY  - 1973
TI  - Lonar Lake, India: An Impact Crater in Basalt
JO  - Science
VL  - 180
IS  - 4088
SP  - 862
EP  - 864
DO  - 10.1126/science.180.4088.862
ER  - 
```

प्रत्येक लेखकाला स्वतंत्र ओळ, आडनाव आधी, मग स्वल्पविराम. ‘व इतर’ तसंच ठेवलं असतं तर झोटेरोने ‘इतर’ नावाचा एक लेखक तयार केला असता, आणि तो पुढे प्रबंधाच्या संदर्भसूचीत छापून आला असता. आपल्या मराठी नावांचं तर आणखी अवघड. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सरळ लिहितो, मध्ये स्वल्पविराम देत नाही. मग आडनाव कुठलं ते यंत्राला कळत नाही आणि सूची पहिल्या नावाने लागते. मी प्रत्येक मराठी नाव हाताने उलटं केलं. ज्या नावात आडनाव कुठलं याचा मलाच भरवसा नव्हता, तिथे सरांना विचारलं.

आता खरी तक्रार. माझ्याआधी ही यादी कुणीतरी ‘नीट’ करायला घेतली होती. त्याने रिकाम्या दिसलेल्या काही जागी वर्षं अंदाजाने भरली. का, तर रिकामं बरं दिसत नाही. लोणारच्या यादीत हे करणं किती घातक आहे ते सांगते. विवराचं वय किती, यावर दोन कामं यादीत होती. एक सेनगुप्ता, भंडारी आणि वातानाबे यांचं, १९९७चं. त्यात आघाताने तयार झालेल्या काचेवरून काढलेलं वय सुमारे ५२ हजार वर्षं आहे. दुसरं जोर्डां आणि सहकाऱ्यांचं, २०११चं, ‘जिऑलॉजी’मधलं. आर्गॉन पद्धतीने काढलेलं त्यातलं वय ५ लाख ७० हजार वर्षं, अधिक-उणे ४७ हजार. दोन आकड्यांत दहापटीहून जास्त फरक. नंतरचं काम कुठलं हे फक्त वर्षावरून कळतं. सरांच्या यादीत दोन्हीकडे वर्ष नव्हतं. अंदाजाने भरणाऱ्याने दोन्हीकडे एकच वर्ष टाकलं होतं. ते तसंच आत गेलं असतं, तर वाचणाऱ्या मुलीला वाटलं असतं की एकाच वर्षी दोन गटांनी दोन वेगळी वयं सांगितली. रिकामी जागा पाहून ती निदान विचारायला तरी आली असती. अंदाजाने भरलेला आकडा खऱ्या आकड्यासारखाच दिसतो, आणि झोटेरोत गेल्यावर दोन्ही वेगळे ओळखायची काहीच सोय राहत नाही. मी ती सगळी वर्षं पुसली आणि मूळ ओळीवरून पुन्हा सुरुवात केली. मूळ ओळीचा रकाना होता म्हणून ते जमलं.

‘नाही’ दोन प्रकारचं असतं, आणि लोक त्यात गल्लत करतात. ला टूश आणि क्रिस्टी यांचा ‘द जिऑलॉजी ऑफ द लोणार लेक’ हा लेख १९१२चा, जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या ‘रेकॉर्ड्स’मधला, खंड ४१, पानं २६६ ते २८५. याला मला डीओआय सापडला नाही. डीओआय ही पद्धतच २०००च्या आसपास सुरू झाली. १९७३च्या लेखाला तो मागाहून मिळाला, कित्येक जुन्या लेखांना मिळालाच नाही. खंड, पान, वर्ष जुळत असतील तर अशी नोंद पूर्णच धरायची. तिथे ‘अपूर्ण’ लिहिलं तर कुणीतरी नसलेली गोष्ट शोधत बसतं. याच नोंदीत आणखी एक खोच आहे. ‘ला टूश’ हे सगळं आडनाव आहे. स्वल्पविराम चुकीच्या जागी पडला की ‘ला’ पहिलं नाव होतं, आणि माणूस सूचीत ‘टी’खाली जाऊन बसतो.

सगळं झाल्यावर फाइल आत जाईना. वर्डमध्ये ठेवलेल्या मजकुरातली साधी आडवी रेघ वर्डने परस्पर लांब केली होती. आरआयएसमध्ये दोन अक्षरं, दोन रिकाम्या जागा, साधी रेघ, एक रिकामी जागा, हा क्रम लागतो. लांब रेघ आली की ती ओळ ओळखलीच जात नाही. म्हणून शेवटची फाइल वर्डमध्ये उघडायची नाही, नोटपॅडमध्ये ठेवायची, यूटीएफ-८ निवडून. वर्षाचे आकडेही इंग्रजी अंकांत द्यायचे. आत गेल्यावर पहिलं काम नोंदी मोजायचं. ६३ ओळींच्या ६१ नोंदी झाल्या. दोन ओळी ‘वरीलप्रमाणे, पा. ४०’ अशा होत्या. ती स्वतंत्र कामं नव्हती, वरच्याच कामाची वेगळी पानं होती. हिशेब जुळला, पण तो मोजला म्हणून कळला.

बावीस नोंदींत काहीतरी राहिलं होतं. त्या मी अडवून ठेवल्या नाहीत, खूण लावून आत टाकल्या. चौदावी अशी गेली:

```
TY  - BOOK
TI  - बुलडाणा जिल्हा गॅझेटियर
KW  - अपूर्ण: वर्ष
KW  - अपूर्ण: आवृत्ती
N1  - मूळ ओळ: १४) बुलडाणा गॅझेटियर, पा. २१२
ER  - 
```

`KW` झोटेरोत टॅग होतं, त्यामुळे ‘अपूर्ण: वर्ष’वर टिचकी मारली की तेवढ्याच नोंदी समोर येतात. `N1`मुळे मूळ ओळ नोंदीला टीप म्हणून चिकटून राहते, आणि शंका आली तर सरांनी काय लिहिलं होतं ते तिथेच दिसतं.

गॅझेटियरं दोन आहेत. एक इंग्रजी अमदानीतलं, नेल्सन यांनी संपादित केलेलं, १९१०चं. त्याच्या नावात स्पेलिंग `Buldana` असं आहे. दुसरं महाराष्ट्र शासनाचं, १९७६चं, तिथे `Buldhana`. एका स्पेलिंगने शोधलं तर दुसरं बहुधा समोर येत नाही. आपण स्वतः बुलडाणा आणि बुलढाणा दोन्ही लिहितो, तेव्हा ओळीतल्या नावावरूनही काही ठरत नाही. मी सरांना फोन केला.

“अहो ताई, गॅझेटियर म्हटलं की कळतंच ना.”

“सर, दोन आहेत.”

“माझ्याकडे एकच आहे.”

“त्यावर वर्ष काय आहे?”

पुठ्ठा गेलेला, पहिली पानं फाटलेली. मी म्हटलं, लोकसंख्येचं प्रकरण उघडा आणि त्यात शेवटची जनगणना कुठली आहे ते सांगा. फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. बराच वेळ पानं उलटल्याचं ऐकू येत होतं. मग सर परत आले.

“एकसष्ट सालचे आकडे आहेत इथे.”

१९१०च्या पुस्तकात १९६१ची जनगणना असणं शक्य नाही. मी वर्षाच्या खणात 1976 लिहिलं, दोन्ही टॅग काढले, आणि ‘कुठे पाहून भरलं’ या रकान्यात नोंदवलं: सरांची प्रत, जनगणनेच्या आकड्यांवरून, मुखपृष्ठ नाही. मग सरांना विचारलं, आता हातात आहेच तर पान २१२ उघडून बघता का, तुम्ही उतरवलेला मजकूर तिथेच आहे ना.