बाणेदार विक्रेता

ऑनलाइन बाजारात माल विकणाऱ्यांमध्ये बाणेदार विक्रेता लांबूनही ओळखू येतो. मालाचे वर्णन तो दोन ओळींत उरकतो आणि वाईट अभिप्रायाला उत्तर मात्र पानभर लिहितो. पाच तारे देणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी एकाचेही नाव त्याला आठवत नाही. एक तारा देणाऱ्याचे मात्र नाव, गाव आणि मजकूर स्वल्पविरामांसकट तोंडपाठ असतो. तो मजकूर तो घरच्यांना जेवताना वाचून दाखवतो, आणि भाजी कशी झाली हे विचारणाऱ्याला "म्हणे नकली!" एवढेच उत्तर मिळते.

या प्रकाराचा चांगला नमुना पाहायचा तर एट्सीवरून परदेशी कोल्हापुरी चपला पाठवणारा विक्रेता घ्यावा. त्याच्याकडून अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने आठ नंबरचा जोड मागवला. तो पोचला आणि चार दिवसांनी एक तारा आला: चप्पल लाकडासारखी कडक आहे, चावते, चालताना करकर वाजते, दोन्ही पायांचा रंग किंचित वेगळा आहे, तेव्हा माल नकली असावा. आता बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे सुरुवातीला ताठ असतेच. तेल लावून रोज थोडा वेळ घातले की ते पायाला बसते. हाताने रंगवलेल्या दोन कातड्यांत छटेचा फरक राहतो. करकर तर कोल्हापुरात लोक मुद्दाम मागून घेतात. म्हणजे अस्सलपणाच्या खुणा मोजून गिऱ्हाइकाने तो माल नकली ठरवला. अन्याय झाला यात शंका नाही, आणि बाणेदार विक्रेत्याला अन्यायाइतके दुसरे काहीच आवडत नाही.

त्याच रात्री तो उत्तराचा पहिला खर्डा लिहितो. सुरुवात पणजोबांपासून होते. मग राजर्षी शाहू महाराज येतात. मग 2019 साली मिळालेले भौगोलिक मानांकन येते; त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकचेही चार जिल्हे आहेत, हा तपशील मात्र गळतो. त्यानंतर "ज्यांना कातडे आणि रबर यातला फरक कळत नाही त्यांनी" अशी सुरुवात झालेले एक वाक्य येते, आणि शेवटी गिऱ्हाइकाने पत्ता देताना केलेली चूक जाहीर केली जाते. या खर्ड्यात एकही गोष्ट खोटी नसते. तोट्याची जागा वेगळी आहे: ज्याच्यासाठी हे लिहिले तो गिऱ्हाईक बहुधा परत फिरकतच नाही. उत्तर वाचतो तो पुढचा गिऱ्हाईक, ज्याचे बोट खरेदीच्या बटणावर घुटमळते आहे आणि जो मुद्दाम कमी ताऱ्यांचे अभिप्राय आधी उघडतो. त्याला दोनच गोष्टी पाहायच्या असतात. चप्पल खरोखर चावते का, आणि आपले काही बिनसले तर हा माणूस आपल्याशीही असाच बोलेल का. खर्ड्यात पहिल्याचे उत्तर सापडत नाही, दुसऱ्याचे ठळक सापडते. आणि गिऱ्हाइकाच्या पत्त्याची चर्चा चारचौघांत करणारा विक्रेता पाहून तो आपला पत्ता देण्याआधी दुकानातून बाहेर पडतो.

एट्सीवर घाईचे आणखी एक नुकसान आहे. तिथे तीन किंवा त्याहून कमी तारे असतील तर विक्रेत्याला जाहीर उत्तर देता येते. पण ते एकदा दिले की गिऱ्हाइकाला आपला अभिप्राय बदलता येत नाही. म्हणजे बाणेदार विक्रेता रात्री अकरा वाजता तडफदार उत्तर टाकतो, तेव्हा तो एक तारा स्वतःच्या हाताने सिमेंटमध्ये बसवतो. म्हणून आधी खासगी निरोप पाठवायचा आणि काही दिवस वाट पाहायची, हा क्रम धंद्यात मुरलेले लोक पाळतात. निरोपात चप्पल कशी मऊ करायची ते लिहावे आणि बदली किंवा पैसे परत, जे खरोखर करणार असू ते सांगावे. "तारे वाढवा, मग पैसे देतो" ही अट घालू नये. बाजाराच्या नियमांत ती बसत नाही, आणि निरोपाचे छायाचित्र अभिप्रायाखाली झळकले तर पुढचे सांगायलाच नको.

या प्रकाराचा एक चुलतभाऊ आहे, कळवळ्या विक्रेता. तो प्रत्येकाची मनापासून माफी मागतो. "चप्पल कडक निघाल्याबद्दल दिलगीर आहोत, पुन्हा असे होणार नाही," असे तो लिहितो, आणि पुढचा जोडही अर्थातच कडकच निघतो. मालाच्या स्वभावाबद्दल मागितलेली माफी हा वाचणाऱ्याच्या लेखी दोषाचा कबुलीजबाब असतो. गिऱ्हाइकाला त्रास झाला याचे वाईट वाटणे वेगळे, आणि कातडे कातड्यासारखे वागले याची क्षमा मागणे वेगळे.

आठवडाभर निरोपाला उत्तर आले नाही, तर जाहीर उत्तर द्यायला हरकत नाही. मराठीत मांडायचे तर ते असे होईल: "पायाला त्रास झाला याचे वाईट वाटले. हे कातडे झाडाची साल वापरून कमावलेले असल्याने सुरुवातीला ताठ असते आणि वाजते. आतून खोबरेल तेल लावून काही दिवस रोज तासभर घातले की सैल होते. हाताने रंगवल्यामुळे छटेत थोडा फरक राहतो. तरीही जोड नको असेल तर परत घेऊ; तसा निरोप आपल्याला पाठवला आहे." यात गिऱ्हाईक चुकीचे ठरत नाही आणि माल नकलीही ठरत नाही. कडकपणा आधीच कळल्यामुळे ज्याला मऊ चप्पल हवी तो घेत नाही, आणि पुढचा एक तारा टळतो. बाणेदार विक्रेत्याला हे उत्तर मिळमिळीत वाटते. शाहू महाराज नाहीत, ही त्याची मुख्य तक्रार.

काही अभिप्राय उत्तराविना हटवता येतात. कुरिअरवाल्याने डबा पावसात ठेवला, असा मजकूर असेल तर विक्रेत्याच्या हाताबाहेरची गोष्ट म्हणून एट्सीकडे तक्रार करता येते. पण "नकली असावा" हे मत आहे, आणि मत चुकीचे असले तरी हटत नाही. तेव्हा बाणेदार विक्रेत्याला शेवटचा उपाय सुचतो: भाचा, साडू आणि मेहुणीची मैत्रीण यांच्याकडून पाच-पाच तारे. भारतात 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने गिऱ्हाईक असल्याचे भासवून अभिप्राय लिहायला मनाई केली आहे. शिवाय साडूचा मजकूर ओळखू येतो. त्यात चपलेपेक्षा विक्रेत्याच्या स्वभावाची स्तुती जास्त असते.

एवढे झाल्यावर अन्याय्य अभिप्राय पुन्हा एकदा शांतपणे वाचणे उरते, कारण त्यातला एखादा शब्द बहुधा न्याय्य असतो. इथे तो "चावते" हा होता. विक्रेत्याने वर्णनात नुसते "आठ" लिहिले होते, आणि आपल्याकडे वापरतात तो पुरुषांचा ब्रिटिश आठ अमेरिकेत साधारण नऊ असतो. अमेरिकन आठ नंबरच्या पायाला तो जोड मोठा होत होता, आणि सैल चप्पल घासून चावते. पुढच्या महिन्यात आणखी दोघांनी मापाचीच कुरकुर केली, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचा कट असल्याचे विक्रेत्याने जाहीर केले. त्याच्या बायकोने टेप आणून जोड मोजला आणि पहिल्या छायाचित्राखाली तळव्याची लांबी सेंटीमीटरमध्ये लिहिली. तेलाची सूचना वर्णनाच्या तळाशी होती, तीही वर आणली.