स्वेच्छेची यादी

पिरंगुटच्या एका कारखान्यातल्या हिशेब खात्याने सहकाऱ्याच्या लग्नाच्या आहेरासाठी काढलेली वर्गणी आदर्श मानावी अशी आहे. वर्गणी ऐच्छिक, फक्त २०० पेक्षा कमी इच्छा होऊ नये एवढीच अपेक्षा. न देणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही, हे तत्त्व तर कसोशीने पाळलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज संध्याकाळी फक्त देणाऱ्यांची नावं टाकली. खात्यात माणसं १४, यादीत नावं १३. चौदाव्याचा उल्लेख कुठेही नाही!

एका जुन्या कारकुनाने बंद पाकीट फिरवायचं सुचवलं होतं. प्रत्येकाने जागेवरून उठून पाकिटात हात घालायचा, जमेल ते टाकायचं किंवा नुसताच हात बाहेर काढायचा. शुभेच्छापत्रावर सही मात्र सगळ्यांची. सूचना एकमताने फेटाळली. कोणी दिले नाहीत हेच कळणार नसेल, तर त्याची गुप्तता राखायची कशी?

पुढच्या वेळी गुप्तता आणखी कडक होणार आहे: चौदाव्याला एकांतात आठवण करून देण्यासाठी तिघांची समिती त्याच्या टेबलाशी उभी राहील.

यंदा तशी वेळ आली नाही. चौथ्या संध्याकाळी चौदाव्याने निमूटपणे २०० रुपये पाठवले आणि रजेचा अर्ज दिला. कारण: स्वतःचं लग्न.