एक दिवसाच्या वर्गशिक्षकासाठी मार्गदर्शक सूचना

प्रति,
उद्या आमच्या शाळेवर कामगिरीवर येणारे आदरणीय सर,
यांस सविनय सादर.

विषय : इयत्ता तिसरी व चौथी (एकत्र) एक दिवस सांभाळणेबाबत.
संदर्भ : केंद्रप्रमुखांचा काल रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर आलेला आदेश.

उपरोक्त संदर्भान्वये मी तालुक्याला प्रशिक्षणाला जात आहे. विषय आहे ‘बहुवर्ग अध्यापनाचे कौशल्य’. हे कौशल्य मी तिकडे बसून शिकत असताना इथे ते तुम्हाला प्रत्यक्ष वापरावे लागणार आहे. तरी खालील सूचनांचे काटेकोर पालन व्हावे, ही विनंती.

शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे असते. सर शाळेत असतील, पण त्यांच्यावर विसंबू नये. ते बहुतेक वेळ हापशाजवळ उभे राहून ऑनलाइन माहिती भरत असतील, कारण रेंज फक्त तिथेच येते. हाक मारल्यास ते हात वर करतील. त्याचा अर्थ ‘आलोच’ असा नसून ‘ओटीपी येतोय’ असा आहे.

कपाटाची किल्ली घड्याळामागे आहे. दार थोडे उचलून किल्ली फिरवावी, नुसती फिरवल्यास कपाट उघडत नाही. न जमल्यास तिसरीच्या कोणत्याही विद्यार्थ्यास सांगावे, सर्वांना येते. कपाटाला कुलूप कशासाठी आहे, हा प्रश्न लेखापरीक्षणात येईल तेव्हा पाहू.

बैठक व्यवस्था. खोली एक, फळे दोन, तेही समोरासमोरच्या भिंतींवर. तिसरीची ११ मुले पूर्वेकडे तोंड करून बसतात, चौथीची १२ पश्चिमेकडे. दोन्ही वर्गांची पाठ एकमेकांकडे असते, म्हणजे एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याचे लक्ष फळ्यावरून उडत नाही. तात्त्विकदृष्ट्या. तुम्ही मध्ये उभे राहू नये. मध्ये उभ्या राहणाऱ्या शिक्षकाला दोन्ही वर्ग आपला समजत नाहीत.

नावे लिहीत नाही, ही चिठ्ठी कुणाच्याही हाती लागते. हजेरी क्रमांक देते. तिसरीचा ९ पहिल्या रांगेत डावीकडेच बसवावा, तो मागे बसायचा कितीही हट्ट करो. तो फळ्यावरचे लिहून घेत नाही, शेजाऱ्याच्या वहीतले उतरवतो, आणि शेजाऱ्याने ‘सूर्य’च्या जागी ‘सुर्य’ लिहिले तर हाही तसेच लिहितो. त्यावरूनच मला कळले की त्याला फळा दिसत नाही. आरोग्य तपासणीच्या पथकाने चष्मा लिहून दिला आहे. चष्मा येईपर्यंत फळ्यावरचे अक्षर मोठे काढावे आणि काढता काढता मोठ्याने वाचावे.

तिसरीचे ३ आणि ४ शेजारी बसवू नयेत. ते भांडत नाहीत, अडचण ही की त्यांचे फार पटते.

चौथीची ७ मागच्या महिन्यात ऊसतोडीवरून आई-वडिलांबरोबर परत आली. वयाप्रमाणे चौथीत आहे, वाचन दुसरीचे आहे. तिला सर्वांसमोर उठवून वाचायला सांगू नये. आपण नवीन असल्याने आपल्याला हे ठाऊक नाही असे मुलांना वाटेल आणि ती मुद्दाम तिचेच नाव सुचवतील. तिच्या शेजारी ८ बसते, ती खालच्या आवाजात वाचून दाखवते. त्याला ‘बोलणे’ समजून गप्प करू नये. पण गणितात ७ला कमी लेखू नका. उसाच्या मोळ्यांचा हिशेब ती आपल्यापेक्षा लवकर करते.

दिनक्रम. परिपाठ मुले स्वतः घेतात. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, मग बातम्या. बातम्यांत कालच्याच बातम्या येतील, टोकू नये. हजेरी मात्र अकराच्या आत घ्यावी, कारण स्वयंपाकाच्या मावशी आकड्यासाठी दारात उभ्या असतात. माणशी १०० ग्रॅम तांदूळ हे प्रमाण आहे. शाळेत ४१ मुले असतील तर ४ किलो १०० ग्रॅम. ‘अंदाजे चार टाका’ असे म्हणू नये. त्या शंभर ग्रॅमचा हिशेब महिन्याअखेर मला द्यावा लागतो. मुलांना वाढण्याआधी आपण चव घेऊन रजिस्टरला नोंद करायची आहे. ‘रुचकर’ हा शब्द प्रत्येक पानावर आहे. तो मोडायचा असल्यास कारण द्यावे लागेल.

आता मुलांविषयी थोडे. तुम्ही दारात पाऊल ठेवताच तीन निवेदने सादर होतील. एक, ‘हे आमचं शिकवून झालंय.’ दोन, ‘बाई आज खेळायला सोडणार होत्या.’ तीन, ‘बाई गृहपाठ तपासत नाहीत.’ पहिली दोन खोटी आहेत. तिसऱ्याबद्दल समक्ष भेटीत बोलू.

दुपारी दोननंतर तहानेची साथ येते. एकाने पाणी प्यायला परवानगी मागितली की सात जणांचे घसे कोरडे पडतात. नियम असा : एक गेला, तो परत आला, मग दुसरा. याला एकच अपवाद. तिसरीचा ५ बोट वर करेल तेव्हा काहीही न विचारता मान हलवावी आणि फळ्याकडे वळावे. त्याला लघवी थांबत नाही. सगळ्यांसमोर ‘आत्ताच तर गेला होतास’ म्हटले की दुसऱ्या दिवशी तो शाळेत येत नाही. हे एकदा झाले आहे.

अध्यापन. कृपया नवीन घटक घेऊ नये. तुमची हौस मी समजू शकते, पण त्याची दुरुस्ती मला पुढचा आठवडाभर करावी लागते. तिसरीला उद्या फक्त एक काम द्यायचे आहे : दोन अंकी वजाबाकी, सहा उदाहरणे, जास्त नकोत. पहिले ५२ वजा २७.

काही मुलांचे उत्तर ३५ येईल. ते चुकून आलेले नसते, त्यामागे विचार असतो. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मूल उलटे करते : सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचे, असा नियम त्याने स्वतःच बसवला आहे आणि तो प्रामाणिकपणे पाळतो आहे. अशा वेळी ‘शेजारच्याकडून उसने घे’ असे सांगू नये. मूल उसने घेते, २च्या डोक्यावर १ लिहिते, आणि ५चे ४ करायला विसरते. मग उत्तर येते ३५च. आपल्याला वाटते त्याला काहीच कळले नाही. खरे तर यावेळी तो अर्धा बरोबर असतो. डोक्यावर १ आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कोणत्या रस्त्याने चुकला ते समजत नाही.

कपाटात खालच्या कप्प्यात काड्यांचा डबा आहे. दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले आहेत. मुलाला पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्याव्यात आणि म्हणावे, ‘यातल्या सत्तावीस मला दे.’ मग आपण हात मागे बांधून उभे राहावे. तो दोन गठ्ठे देईल आणि अडकेल. दोन सुट्या काड्यांकडे बघेल, तुमच्याकडे बघेल. बोलू नये. बहुतेक मुले अर्ध्या मिनिटात स्वतःच गठ्ठ्याचे रबर काढतात. सुट्या बारा झाल्या, सात दिल्या, पाच उरल्या, शिल्लक गठ्ठे दोन. पंचवीस. आता तेच वहीत मांडायला सांगावे : पाचाचे चार का झाले, हे रबर काढणाऱ्याला सांगावे लागत नाही. नंतर ५० वजा २७ द्यावे. शून्य आले की जुना नियम पुन्हा डोके वर काढतो आणि उत्तर ३७ येते. तिथेही २३ आले तर गडी जिंकला. रबरे मोजून परत घ्यावीत, ३ आणि ४ यांच्याकडे विशेष लक्ष असावे.

तुम्ही काड्यांत गुंतलेले असताना चौथी मोकळी राहता कामा नये. त्यांनी पुस्तकातला शेवटचा वाचलेला पाठ पुन्हा वाचून त्यावर पाच प्रश्न काढायचे आहेत. अट अशी की ज्याचे उत्तर पाठातले एक वाक्य जसेच्या तसे उतरवून देता येते, तो प्रश्न बाद. बाद कोण करणार यावर वाद होईल. तो वाद होऊ द्यावा, काम तेच आहे. ७ने प्रश्न तोंडी सांगावेत, ८ने लिहावेत.

आणीबाणी. इथे विनोद संपला, सर, हे दोनदा वाचा.

चौथीच्या ११ला आकडी येते. आली तर आधी घड्याळ बघा आणि वेळ तळहातावर लिहा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट पाच मिनिटांसारखे वाटते. त्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली कुणाचे तरी दप्तर नको, माझी शाल कपाटात आहे ती घडी करून ठेवा. आजूबाजूच्या पाट्या, कंपास दूर सारा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. मावशी कांदा आणतील, कुणी चप्पल हुंगवायला काढेल, दोन्ही नम्रपणे नाकारा. बहुधा दोन-तीन मिनिटांत थांबते. पाच मिनिटे झाली तरी थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर १०८. नंतर तो झोपेल, झोपू द्या. बाकीच्यांना आपापल्या फळ्याकडे तोंड करायला सांगा, ती ऐकतात, त्यांना माहीत आहे. आकडी लगेच थांबली तरी त्याच्या आईला फोन करायचाच.

१०८ला फोन हापशाजवळून करा आणि ‘मारुतीच्या देवळामागची जिल्हा परिषद शाळा’ असे सांगा. शिवाय एक मोठा माणूस फाट्यावर उभा करा, नाहीतर गाडी पलीकडच्या वस्तीवर जाते. पालकांचे सर्व क्रमांक कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले आहेत. ते फळ्यावर लिहू नयेत.

मधल्या वेळेत कुणी मुलाला न्यायला आले तर त्या यादीतल्या आईला किंवा वडिलांना विचारल्याशिवाय सोडू नका. येणारा ‘मी मामा’ म्हणेल, मूल ‘मामा!’ म्हणत धावेल, तरीही नाही. तिसरीच्या २च्या बाबतीत फक्त आईलाच विचारा. कारण मुख्याध्यापक सरांना माहीत आहे. त्यावेळी त्यांना ओटीपी सोडून बोलावले तरी चालेल.

शाळा सुटल्यावर चिठ्ठीच्या मागच्या पानावर शेरा लिहावा : कुणाचे ३५ आले, त्यातल्या कुणाच्या डोक्यावर १ होता, चौथीचा कोणता प्रश्न चांगला निघाला, पाणी प्यायला कोण जाऊन परत उशिरा आले. ‘वर्ग शांत होता’ एवढेच लिहू नये, सर. आमची तिसरी-चौथी दिवसभर शांत होती असे वाचले, तर मी रात्रीच तुम्हाला फोन करीन.